ग्रिड बॉट: २५ ते ३१ हजारांचा पट्टा आणि तो तुटल्यावरचा हिशेब

नदीकाठ

बिटकॉइनवर स्पॉट ग्रिड बॉट, म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांवर आपोआप खाली खरेदी आणि वर विक्री करणारा प्रोग्राम, सुरू करण्याआधी तो मला कागदावर नीट समजून घ्यायचा आहे. त्यासाठी मी मुद्दाम असा जुना काळ निवडला आहे की ज्याचा शेवट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. २०२३ च्या मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बिटकॉइनचा भाव, एक-दोनदा काठ ओलांडला असला तरी, साधारण २५ हजार ते ३१ हजार डॉलर याच पट्ट्यात फिरत राहिला. ग्रिड बॉटसाठी याहून सोयीचा काळ क्वचितच सापडेल.

माझी मांडणी अशी आहे. खालचा काठ २५,०००, वरचा काठ ३१,००० आणि दर ५०० डॉलरवर एक पायरी, म्हणजे एकूण १२ खण होतात. सुरुवातीचा भाव २८,००० आणि प्रत्येक ऑर्डर ०.०१ बिटकॉइनची धरली आहे. बॉट सुरू होताच तो वरच्या ६ खणांसाठी ०.०६ बिटकॉइन २८,००० च्या भावाने घेतो आणि २८,५०० पासून ३१,००० पर्यंत विक्रीच्या ६ ऑर्डर लावतो. खाली २७,५०० पासून २५,००० पर्यंत खरेदीच्या ६ ऑर्डर लागतात. या सगळ्याला मिळून ३,२५५ यूएसडीटी, म्हणजे जवळपास तितकेच डॉलर, लागतात. एका खणात एकदा खरेदी आणि एकदा विक्री झाली की एक फेरी पूर्ण होते आणि ५ यूएसडीटी मिळतात. दोन्ही बाजूंची ०.१ टक्का फी वजा केली तर हातात सुमारे ४.४४ उरतात.

बॉटच्या पडद्यावर हा ‘ग्रिड नफा’ मोठ्या अक्षरात आणि वार्षिक टक्केवारीसह दिसतो. माझा प्रश्न एवढाच आहे की भाव जोरात एका दिशेने निघून गेला तर नेमके काय बिघडते, आणि ते नुकसान बॉट सुरू करण्याआधीच आकड्यात मांडता येते का?

तिरफळ

माझ्या मते अडचण पट्ट्याची नसून तुमच्या पायरीच्या रुंदीची आहे. ५०० डॉलरची पायरी फार रुंद आहे. तीच १०० डॉलरची ठेवली तर त्याच पट्ट्यात ६० खण बसतील, फेऱ्या कितीतरी पटींनी वाढतील आणि पट्टा तुटेपर्यंत इतका नफा जमा झालेला असेल की नंतरच्या नुकसानाची फारशी चिंता करावी लागणार नाही. शिवाय स्पॉटमध्ये नाणे आपल्याच खात्यात असते. भाव खाली गेला तरी तो तोटा कागदोपत्री असतो. भाव परत पट्ट्यात आला की बॉट आपोआप कामाला लागतो.

पिंपळपान

नदीकाठ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. खालच्या काठावर बॉटकडे नेमके किती नाणे असेल आणि ते सरासरी कोणत्या भावाने घेतलेले असेल, हे सुरुवातीलाच ठरून गेलेले असते. तुमच्या मांडणीत २५,००० वर सर्व खरेद्या झालेल्या असतात, म्हणजे खात्यात ०.१२ बिटकॉइन असतात, त्यांची किंमत ३,२५५ पडलेली असते आणि सरासरी भाव २७,१२५ असतो. त्यापुढे बॉट काहीच करत नाही. तो निव्वळ नाणे धरून बसलेला साधा गुंतवणूकदार होतो. कोणालाही स्वतःच्या आकड्यांनी हे पाहता यावे म्हणून छोटा हिशेब देतो:

```python
low, high, step, q, start = 25000, 31000, 500, 0.01, 28000
buys = range(low, start, step)
up = (high - start) // step
cost = q * (sum(buys) + up * start)
coins = q * (len(buys) + up)
for p in (25000, 22500, 20000):
    print(p, round(coins * p - cost))
```

याचे उत्तर २५,००० वर उणे २५५, २२,५०० वर उणे ५५५ आणि २०,००० वर उणे ८५५ असे येते. ४.४४ च्या हिशेबाने पहिला आकडा भरून काढायला ५८ फेऱ्या लागतात आणि शेवटचा भरून काढायला १९० हून अधिक.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की भाव २८,००० वरून थेट २५,००० पर्यंत न वळता उतरला तर त्या सबंध प्रवासात एकही फेरी पूर्ण होत नाही. फेरी पूर्ण व्हायला भावाला निदान एक पायरी मागे फिरावे लागते. एकतर्फी चालीत तो फिरत नाही, त्यामुळे बॉट एका बाजूच्या ऑर्डर एकामागून एक भरत जातो आणि समोरच्या बाजूला काहीच घडत नाही. ‘ग्रिड तुटली’ असे आपण म्हणतो तेव्हा बॉटमध्ये कोणताही बिघाड झालेला नसतो. त्याला जे सांगितले होते तेच त्याने अचूक केलेले असते.

तिरफळ यांच्या १०० डॉलरच्या पायरीबद्दल वेगळे लिहितो, कारण ती समजूत फार पसरलेली आहे.

उंबरठा

मी दर महिन्याला ठरावीक रकमेचे बिटकॉइन घेतो. भाव पडला की माझी सरासरी खाली येते आणि मला त्याचा आनंदच होतो. ग्रिडही पडत्या भावात खरेदीच करते, तर मग त्याला नुकसान का म्हणायचे, हे मला कळले नाही. दोन्ही एकच नाही का?

पिंपळपान

उंबरठा, पडत्या भावात दोन्ही पद्धती सारख्या दिसतात हे खरे आहे. फरक भाव चढताना दिसतो. तुमची मासिक खरेदी कधीच विकत नाही, त्यामुळे मोठी तेजी आली की आजवरचे सगळे नाणे तिच्यासोबत वर जाते. ग्रिड मात्र चढत्या भावात प्रत्येक पायरीला थोडे थोडे विकून टाकते आणि वरच्या काठावर तिच्याकडे नाणे शून्य असते. म्हणजे मोठ्या पडझडीत सगळे नाणे तिच्या हाती आणि मोठ्या तेजीत काहीच हाती नाही. मधल्या हेलकाव्यांत मिळणारे ४.४४ हे ही उलटी स्थिती पत्करण्याचे भाडे आहे. ऑप्शन विकून प्रीमियम खाणाऱ्याचा व्यवहार याच जातीचा असतो.

आता पायरीच्या रुंदीकडे वळतो. भाव विशिष्ट दिशेशिवाय हेलकावत असेल तर एका पायरीइतकी हालचाल किती वेळा होईल याचा अंदाज करता येतो. रोजच्या चढउताराला पायरीच्या रुंदीने भागायचे आणि त्या भागाकाराचा वर्ग करायचा. २८,००० च्या भावाला रोजची चढउतार २ टक्के धरली तर ती ५६० डॉलर होते. ५०० च्या पायरीला दिवसाला सुमारे सव्वा पायऱ्या ओलांडल्या जातात. दोन ओलांडण्यांची एक फेरी, म्हणून महिन्याला जवळपास १९ फेऱ्या आणि निव्वळ ८४ यूएसडीटी.

पायरी १०० ची केली तर फेऱ्या २५ पट होतात, म्हणजे महिन्याला सुमारे ४७०. पण भांडवल तेच असल्यामुळे प्रत्येक ऑर्डर ०.००२ बिटकॉइनची होते आणि एका फेरीचा ढोबळ नफा फक्त ०.२० यूएसडीटी उरतो. फी वजा करण्यापूर्वीची महिन्याची बेरीज दोन्हीकडे ९४-९५ च्या आसपासच येते. फीमुळे मात्र चित्र बदलते. ०.२० पैकी सुमारे ०.११ फीत जातात आणि महिन्याचे निव्वळ ८४ वरून ४१ वर येतात. पडद्यावर फेऱ्यांची संख्या पाहून समाधान वाटते, पण उत्पन्न अर्धे झालेले असते, आणि खालच्या काठावरचा तोटा जवळपास तितकाच राहतो.

तिरफळ

फीचा मुद्दा मान्य आहे. १०० ची पायरी मी मागे घेतो. परंतु भाव परत येण्याबद्दल मी जे म्हटले त्यावर कोणी बोलले नाही. २०२२ चेच पाहा. जूनमध्ये बिटकॉइन साडेसतरा हजारांपर्यंत पडून सावरला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक काळ १८ ते २४ हजारांच्या पट्ट्यात राहिला. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडाले आणि भाव १६ हजारांच्या खाली गेला. ज्याची ग्रिड १८ ते २४ हजारांची होती तो घाबरून बाहेर पडला असेल तर खऱ्या तोट्यात गेला. जो बसून राहिला त्याला जानेवारी २०२३ च्या मध्यात भाव पुन्हा २१ हजारांवर दिसला. ही दोन-अडीच महिन्यांचीच गोष्ट आहे.

पिंपळपान

हे उदाहरण योग्य आहे आणि त्यातली तथ्येही बरोबर आहेत. त्याच मापाची ग्रिड घेतली, म्हणजे १८,००० ते २४,०००, सुरुवात २१,००० आणि पायरी ५०० ची, तर २,४१५ यूएसडीटी लागतात आणि १६,००० वर ती ४९५ ने उणी असते. हा भांडवलाचा पाचवा हिस्सा झाला. बसून राहणाऱ्याला ते सगळे परत मिळाले, हे खरेच आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की ते ग्रिडने परत दिले नाही, बिटकॉइन वर गेला म्हणून मिळाले. पट्ट्याबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत बॉट बंद असल्यासारखाच होता. तेव्हा ‘भाव परत येईल’ हे विधान बॉटबद्दलचे नसून त्या नाण्याबद्दलचे आहे, आणि ते प्रत्येक नाण्याबद्दल करता येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात लुना काही दिवसांत ८० डॉलरच्या आसपासून जवळजवळ शून्यावर आले. लुनावर ग्रिड लावलेल्याच्या बॉटने खालच्या काठापर्यंत आज्ञाधारकपणे प्रत्येक पायरीला खरेदी केली असणार. छोट्या नाण्यांत हेलकावे मोठे असल्यामुळे ग्रिड नफा भरघोस दिसतो, आणि लोक नेमके त्याच कारणासाठी तिथे ग्रिड लावतात.

बदलापूरकर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण काळ हाच आहे. माझ्या मेहुण्याने २०२३ मध्ये एका परदेशी एक्स्चेंजवर २५ ते ३१ हजारांचीच ग्रिड लावली होती. ती स्पॉटमध्ये नसून फ्यूचर्समध्ये होती आणि ‘न्यूट्रल’ प्रकारची होती. पायरी ५०० ची, ऑर्डर ०.०१ ची आणि मार्जिन ३०० यूएसडीटी. दरम्यान मिळालेला नफा तो काढून घेत असे. २३ ऑक्टोबरची रात्र उलटून २४ ची पहाट होताना भाव एकदम वर गेला आणि मार्जिन पूर्णपणे गेले. भाव वाढला असताना पैसे कसे काय गेले, असे तो आजही विचारतो आणि एक्स्चेंजने फसवले असे मानतो. त्याचे म्हणणे खरे असू शकते का?

पिंपळपान

तुम्ही दिलेल्या आकड्यांत फसवणूक दिसत नाही. न्यूट्रल ग्रिड सुरुवातीला नाणे घेत नाही. ती शून्यापासून सुरू होते, भाव खाली गेला की खरेदी करून लाँग होते आणि वर गेला की हाती नसलेले नाणे विकून शॉर्ट. त्यांची ग्रिडही २८,००० वरून सुरू झाली असे धरले तर ३१,००० ला पोहोचली तेव्हा तिने २८,५०० पासून ३१,००० पर्यंत सहा वेळा विकलेले होते. म्हणजे ती ०.०६ बिटकॉइनने शॉर्ट होती आणि सरासरी भाव २९,७५० होता. ३४,००० वर तोटा २५५ होतो आणि ३४,५०० वर २८५. त्यात एक्स्चेंजला किमान राखावे लागणारे मार्जिन मिळवले की ३०० यूएसडीटी ३४,५०० च्या आसपास संपतात. त्या पहाटे भाव ३५ हजारांपर्यंत गेला होता. काढून घेतलेला नफा खात्यात राहिला असता तर लिक्विडेशनचा भाव थोडा वर सरकला असता, पण त्यानंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बिटकॉइन ज्या भावांना गेला ते पाहता तेवढ्याने निभावले नसते.

स्पॉट ग्रिड वरच्या बाजूला तुटली तर पैसे जात नाहीत, फक्त पुढची तेजी हुकते. नदीकाठ यांच्या मांडणीत ३१,००० वर सर्व नाणे विकून १०५ यूएसडीटीचा नफा मिळाला असता, शिवाय मधल्या फेऱ्यांचा वेगळा. तेच ०.०६ बिटकॉइन न विकता ठेवले असते तर मार्च २०२४ मध्ये ७३ हजारांवर २,७०० चा नफा दिसला असता. फ्यूचर्सच्या न्यूट्रल ग्रिडमध्ये मात्र दोन्ही काठ सारखेच धोक्याचे असतात. ‘न्यूट्रल’ हे नाव सुरुवातीच्या क्षणापुरतेच खरे असते.

बदलापूरकर

आता उलगडा झाला. मेहुण्याला हा हिशेब दाखवतो. तो मान्य करेल असे मात्र मी सांगू शकत नाही.

हिशेबनीस

भारतात राहून हे करणाऱ्यांसाठी कराची बाजू इथे आणणे मला आवश्यक वाटते, कारण ग्रिडवर तिचा परिणाम साध्या खरेदी-विक्रीपेक्षा कितीतरी अधिक होतो.

२०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि ४ टक्के उपकर धरून तो ३१.२ टक्के होतो. वजावट फक्त खरेदी किमतीची मिळते, आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. नदीकाठ यांच्याच आकड्यांत पाहू. समजा १०० फेऱ्या पूर्ण झाल्या आणि ५०० यूएसडीटी ढोबळ नफा झाला. नंतर पट्टा खाली तुटला आणि उरलेले नाणे २०,००० ला विकावे लागले, म्हणजे ८५५ चा तोटा झाला. तुमच्या दृष्टीने तुम्ही ३५५ ने बुडालात. कर मात्र ५०० वर १५६ इतका लागू होतो आणि एकूण घट ५११ होते. तोट्यात असतानाही कर भरावा लागण्याची ही स्थिती ग्रिडमध्ये अपवादाने येत नाही. तिचा नफा अनेक छोट्या तुकड्यांत आणि तोटा एका मोठ्या तुकड्यात येतो, त्यामुळे पट्टा खाली तुटला की ती जवळपास ठरलेलीच आहे.

दुसरे म्हणजे विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. एका विक्रीची रक्कम सुमारे २८० यूएसडीटी, म्हणजे टीडीएस २.८०, आणि त्या फेरीचा नफा ५. हा टीडीएस अंतिम कर नाही, विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत ती रक्कम फिरत्या भांडवलातून निघून जाते. १०० विक्रींनंतर ३,२५५ पैकी सुमारे २८० अडकलेले असतात, आणि बॉटला खालच्या पायऱ्यांवरच्या खरेदीसाठी तेच पैसे लागणार असतात.

नदीकाठ

हिशेबनीस, एक शंका आहे. बॉट प्रत्येक विक्री तिच्या लगतच्या खालच्या पायरीवरील खरेदीशी जोडून ५ चा नफा दाखवतो. करासाठीही हीच जोडी धरायची का?

हिशेबनीस

बॉटची जोडी ही बॉटची सोय आहे. बहुतेक जण आधी घेतलेले आधी विकले असे धरतात. तसे केले तर तुमच्या पहिल्या विक्री, त्या कोणत्याही पायरीवर झालेल्या असोत, २८,००० च्या सुरुवातीच्या खरेदीशी जोडल्या जातील. समजा भाव २६,००० पर्यंत गेला आणि तिथली खरेदी २६,५०० ला विकली गेली. बॉट तिथे ५ चा नफा दाखवतो, पण या पद्धतीने तो १५ चा तोटा ठरतो. त्यामुळे वर्षाचा करपात्र आकडा पडद्यावरच्या आकड्यापेक्षा बराच वेगळा येऊ शकतो, कमी किंवा जास्त. हजारो व्यवहारांच्या बाबतीत कोणती पद्धत टिकेल याबद्दल आम्हा व्यावसायिकांतही एकमत नाही. जी पद्धत धराल ती वर्षानुवर्षे तीच ठेवावी आणि व्यवहारांची संपूर्ण यादी दर महिन्याला उतरवून घ्यावी, एवढेच मी खात्रीने सांगू शकतो.

तिरफळ

कराचे गणित पाहून उत्साह मावळतो, पण मूळ प्रश्नाकडे परत येऊ. पट्टा तुटण्याआधी बॉट थांबवता आला तर हे सगळे टळेल. त्यासाठी एडीएक्स हे साधन आहे. ते २० च्या खाली असेल तेव्हा ग्रिड चालू ठेवायची आणि २५ च्या वर गेले की बंद करायची. मी ही पद्धत वापरतो.

पिंपळपान

एडीएक्स चालीचा जोर मोजते, पण तो जोर तयार झाल्यानंतर. रोजच्या आलेखावर ते १४ दिवसांच्या सरासरीतून येते. १७ ऑगस्ट २०२३ ला, आपल्याकडे १८ ची पहाट असताना, बिटकॉइन २८ हजारांच्या वरून २६ हजारांच्या खाली गेला आणि त्यातली बहुतेक घसरण काही मिनिटांत झाली. त्याआधीचे काही आठवडे बाजार कमालीचा शांत होता. कोणतेही असे साधन तेव्हा ग्रिडला अनुकूलच म्हणत असणार. शांत आडव्या बाजारात ते सहसा कमीच असते, आणि मोठी चाल बहुधा शांत बाजारातूनच निघते.

इथे आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. आडवा बाजार आणि शांत बाजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रिडला आडवा पण खळबळीचा बाजार हवा असतो. रोजची चढउतार २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली तर फेऱ्या निम्म्या नव्हे तर पाव होतात. महिन्याच्या १९ फेऱ्यांच्या पाच उरतात आणि ८४ चे २१ होतात. खालच्या काठाचा धोका मात्र तसाच उभा असतो. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ग्रिड चालवणाऱ्यांची हीच गत झाली असणार. आधी काही आठवडे नगण्य उत्पन्न आणि मग एका फटक्यात खालच्या बहुतेक पायऱ्यांवर खरेदी. त्याउलट २९ ऑगस्टला ग्रेस्केलच्या खटल्याच्या निकालावर भाव २६ हजारांच्या आसपासून २८ हजारांकडे गेला आणि दोन-तीन दिवसांत परत आला. १६ ऑक्टोबरला ईटीएफ मंजूर झाल्याच्या खोट्या बातमीने तो ३० हजारांपर्यंत उडाला आणि लगेच उतरला. असे दिवस ग्रिडसाठी सर्वांत लाभाचे असतात. ते आधी ओळखता येत नाहीत, हा भाग वेगळा.

म्हणून मी साधनापेक्षा दोन साध्या गोष्टी पाहतो. शेवटची फेरी पूर्ण होऊन किती वेळ झाला, आणि उरलेल्या ऑर्डर दोन्ही बाजूंना आहेत की एकाच. सगळ्या ऑर्डर एका बाजूला गेल्या आणि फेऱ्या थांबल्या, तर बॉट आता ग्रिड राहिलेला नाही. पुढचा निर्णय नाण्याबद्दल घ्यावा लागतो.

नदीकाठ

मग स्टॉप लॉस नेमका कुठे ठेवावा? २५,००० च्या काठावरच ठेवला तर तोटा २५५ वर थांबतो असे वरवर दिसते.

पिंपळपान

२०२३ मध्ये नेमका तोच सर्वांत वाईट ठरला असता. जूनच्या मध्यात आणि पुन्हा ११ सप्टेंबरच्या सुमारास भाव २५,००० च्या किंचित खाली जाऊन परतला. काठावर स्टॉप असणारा जूनमध्येच तळाशी विकून बाहेर पडला असता. एक पायरी खाली, २४,५०० वर ठेवला असता तर दोन्ही वेळा तो वाचला असता आणि ऑक्टोबरमध्ये वरच्या काठाने नफ्यात बाहेर पडला असता. तिथला तोटा ३१५ आहे, म्हणजे ७१ फेऱ्या. २ टक्क्यांच्या बाजारात ही जवळपास चार महिन्यांची कमाई होते आणि १ टक्क्याच्या बाजारात सव्वा वर्षाची.

मात्र हे मागे वळून पाहताना सांगता येते. २४,५०० हा आकडा त्या वर्षी टिकला याला काही नियम नाही. पुढच्या वेळी भाव २४,४०० ला जाऊन फिरू शकतो. माझी पद्धत उलट्या बाजूने जाते. आधी किती महिन्यांची कमाई एका फटक्यात गमवायची तयारी आहे ते ठरवतो, त्यावरून ऑर्डरचे माप आणि स्टॉप ठरवतो, आणि शेवटी पट्टा. आधी पट्टा आखून त्यात सगळे भांडवल बसवले की स्टॉप लावायला मन धजत नाही.

तिरफळ

मी अजूनही स्टॉपच्या विरोधात आहे, निदान बिटकॉइनपुरता. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वेळा बसून राहणाराच जिंकला. शिवाय हिशेबनीस यांनी सांगितल्याप्रमाणे भारतात स्टॉपवर विकलेला तोटा वजाही होत नाही. मग तो मुद्दाम का पदरात घ्यावा? न विकलेल्या नाण्यावर तर करही लागत नाही.

हिशेबनीस

शेवटच्या दोन वाक्यांत तथ्य आहे. आपल्याकडचा कर स्टॉप लावणाऱ्याला शिक्षा करतो आणि बसून राहणाऱ्याला सवलत देतो. पण मग दर ५०० डॉलरला विकणारी ग्रिड तरी का लावावी, हा प्रश्न उरतोच.

उंबरठा

काही बॉटमध्ये भाव वरचा काठ ओलांडून गेला की पट्टा आपोआप वर सरकवण्याची सोय असते असे मी पाहिले आहे. त्याने तेजी हुकण्याचा प्रश्न सुटत नाही का?

पिंपळपान

अंशतः सुटतो. पट्टा ५०० ने वर सरकला की बॉट सर्वांत खालची खरेदीची ऑर्डर काढतो आणि ३१,००० च्या जवळ ०.०१ नाणे विकत घेऊन ३१,५०० ला विक्रीची ऑर्डर लावतो. तेजी सुरू राहिली तर दर पायरीला ५ मिळत राहतात, पण हातात नाणे फक्त ०.०१ असते. म्हणून ३१,००० पासून ३५,००० पर्यंतच्या आठ पायऱ्यांत फीपूर्वी एकूण ४० मिळतात, तर सुरुवातीचे ०.०६ न विकणाऱ्याला त्याच अंतरात २४० मिळतात. आणि सरकून सरकून पट्टा २९ ते ३५ हजारांवर पोहोचल्यावर भाव उलटला तर खालच्या काठावर तेच ०.१२ बिटकॉइन आता बऱ्याच वरच्या सरासरीने घेतलेले असतात. सोय सुरू ठेवायचीच असेल तर पट्टा कुठपर्यंत सरकू द्यायचा त्याची वरची मर्यादा भरा. काही ठिकाणी त्यासाठी वेगळा रकाना असतो आणि तो रिकामा सोडला तर मर्यादा नाही असे धरले जाते.

नदीकाठ

सर्वांचे आभार. मी ऑर्डर ०.०१ ऐवजी ०.००४ ची करून, म्हणजे सुमारे १,३०० यूएसडीटीमध्ये, पुन्हा हिशेब मांडतो. २४,५०० च्या स्टॉपवर तोटा १२६ येतो, तो मला झेपणारा आहे. आधी घेतलेले आधी विकले या पद्धतीने १०० फेऱ्यांचा करपात्र आकडा किती येतो तेही भावांची नोंद घेऊन काढतो आणि इथेच टाकतो. हिशेबनीस यांनी तो तपासावा अशी विनंती आहे.

हिशेबनीस

टाका. सुरुवातीच्या ०.०२४ नाण्याची खरेदी आणि तिची तारीख यादीत सर्वांत वर ठेवा. अनेक बॉट व्यवहारांच्या यादीत ती खरेदी दाखवतच नाहीत, आणि मग पुढची प्रत्येक जोडी चुकते.